नोकरीची स्थिरता कशी ओळखावी? बांधकाम, घरविक्री आणि निर्यात या व्यवसायांतील भरती-ओहोटी

परीक्षांचे निकाल लागले की अनेक घरांतून एकच प्रश्न विचारला जातो : कोणत्या क्षेत्रात नोकरी धरावी? उत्तर देणारे वडीलधारे बहुधा त्या दिवशी जे क्षेत्र जोरात दिसते त्याचेच नाव घेतात. गावाभोवती इमारती उभ्या राहत असल्या की 'सिव्हिल कर' असा सल्ला मिळतो, शेजारचा मुलगा निर्यात करणाऱ्या कारखान्यात चांगला पगार घेऊ लागला की 'एक्स्पोर्टमध्ये जा' असे सांगितले जाते. परंतु जे क्षेत्र आज जोरात आहे ते पाच वर्षांनंतर, म्हणजे जेव्हा घरासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालू असतील तेव्हा, कोणत्या अवस्थेत असेल, याचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात हा विचार कसा करावा, हे मुख्यतः बांधकाम व्यवसायाच्या आधारे पाहावयाचे आहे; कारण मुंबईच्या उत्तरेकडील आपल्या पट्ट्यात असे घर विरळाच, ज्यातील कोणाची ना कोणाची मिळकत या व्यवसायाशी जोडलेली नाही.

तेजी-मंदी सर्वांना सारखी का लागत नाही?

अर्थव्यवस्थेत तेजी आणि मंदी आलटून पालटून येतात, हे आपण जाणतो. मात्र मंदी आली म्हणून किराणा दुकान आणि बांधकामाची साईट यांना सारखाच फटका बसत नाही. याचे कारण समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ.

समजा, एका शहरात २०,००० कुटुंबे राहतात आणि पहिल्या वर्षी तेथे १,००० नवी कुटुंबे येतात. त्यांच्यासाठी १,००० घरे बांधली जातात आणि तेवढ्या कामावर शहरातील गवंडी, फिटर, सुतार, सुपरवायझर यांचा निर्वाह होतो. दुसऱ्या वर्षी येणाऱ्या कुटुंबांची संख्या ६०० वर येते. शहर वाढतेच आहे. किराणा दुकानदाराची गिऱ्हाइके २१,००० वरून २१,६०० झाली आहेत. परंतु बिल्डरांनी मात्र पुन्हा १,००० घरे बांधून ठेवली आहेत आणि त्यांपैकी ४०० रिकामी पडून आहेत. तिसऱ्या वर्षीही ६०० कुटुंबे आली, तर आधीची ४०० घरे भरल्यावर नव्या घरांची गरज उरते केवळ २०० ची. म्हणजे शहराची वाढ एका दिवसासाठीही थांबलेली नसताना बांधकामाचे काम पाचव्या हिश्श्यावर आले.

बांधकाम व्यवसायाचे मर्म येथे आहे. हा व्यवसाय लोकसंख्येवर किंवा उत्पन्नावर चालत नसून त्यांच्या *वाढीवर* चालतो. वाढीचा वेग थोडा मंदावला की काम पुष्कळ कमी होते, आणि वेग थोडा वाढला की कामाला माणसे पुरत नाहीत. यंत्रे बनवणारे कारखाने, अवजड वाहने, पोलाद, सिमेंट यांनाही हाच नियम लागू होतो. याउलट औषधे, धान्य, वीजपुरवठा, शाळा आणि रुग्णालये यांची गरज आहे त्या लोकसंख्येला दररोज लागते. तेथे मंदीची झळ लागते, पण ती सौम्य असते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : मी ज्या व्यवसायात जात आहे तो लोकांच्या रोजच्या गरजेवर चालतो, की पुढे ढकलता येण्याजोग्या मोठ्या खरेदीवर? घर, मोटार, दागिने यांची खरेदी माणूस दोन वर्षे थांबवू शकतो. दूध आणि औषध थांबवू शकत नाही.

एकाच इमारतीतील वेगवेगळ्या नोकऱ्या

'बांधकाम क्षेत्र' हा शब्द आपण सरसकट वापरतो. वस्तुतः एका इमारतीत अनेक व्यवसाय एकामागून एक येत असतात. प्रथम जमिनीचे व्यवहार होतात, नंतर वास्तुविशारदाकडे नकाशे तयार होतात, महापालिकेकडून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. मग खोदकाम, पाया, सेंटरिंग आणि स्लॅब. त्यानंतर विटकाम, प्लास्टर, नळजोडणी, वायरिंग, लाद्या, रंगकाम आणि लिफ्ट. सर्वांत शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. बऱ्याच मोठ्या इमारतीला या प्रवासासाठी तीन ते पाच वर्षे लागतात.

मंदी येते तेव्हा ती या रांगेच्या पुढच्या टोकाकडून शिरते. नवीन प्रकल्प थांबतात, त्यामुळे पहिल्याच काही महिन्यांत जमीन-दलाल, नकाशे काढणारी कार्यालये आणि विक्री विभागातील तरुण यांचे काम आटते. त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी खोदकाम आणि सेंटरिंगचे ठेकेदार मोकळे होतात. परंतु अर्ध्यावर आलेल्या इमारती शक्यतो पूर्ण केल्या जात असल्यामुळे लादी बसवणारे, इलेक्ट्रिशियन आणि रंगारी यांना आणखी दोन-अडीच वर्षे काम मिळत राहते. त्यांना मंदी आल्याचे सर्वांत उशिरा कळते. लिफ्टची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकला तर ती जवळजवळ जाणवत नाही, कारण उभी राहिलेली इमारत मंदीमुळे पाडली जात नाही आणि सातव्या मजल्यावरील आजीबाईंना लिफ्ट रोजच लागते. जुन्या इमारतींची दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग आणि सोसायट्यांची देखभाल ही कामे याच वर्गात मोडतात.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे, गावाभोवती दिसणाऱ्या क्रेन आणि अर्धवट इमारती ही पुढील तेजीची खूण नव्हे. दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयांची ती सावली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, नोकरीची स्थिरता क्षेत्राच्या नावावरून न ठरवता आपले काम या रांगेत कोठे येते यावरून ठरवावी.

प्रकल्पाची नाडी कशी पाहावी?

पूर्वी बिल्डरची आर्थिक स्थिती बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नव्हता. मे २०१७ पासून महारेरा ही यंत्रणा अस्तित्वात आली आणि चित्र बदलले. नोंदणीकृत प्रकल्पाची माहिती तिच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते : एकूण सदनिका किती, त्यांपैकी नोंदवल्या गेलेल्या किती, काम पूर्ण करण्याची तारीख कोणती आणि ती किती वेळा पुढे ढकलली गेली. ही व्यवस्था घर घेणाऱ्यांसाठी आहे. पण त्या बिल्डरकडे नोकरी धरणाऱ्यालाही ती तेवढीच उपयोगी पडते.

एका कल्पित प्रकल्पाचे गणित मांडून पाहू. एका प्रकल्पात २४० सदनिका आहेत. विक्री सुरू होऊन २४ महिने झाले आणि ९६ विकल्या गेल्या, म्हणजे दरमहा सरासरी ४. उरलेल्या १४४ सदनिका या गतीने विकण्यास ३६ महिने लागतील. परंतु दर तिमाहीची माहिती नीट पाहिली तर कळते की, गेल्या सहा महिन्यांत केवळ १२ सदनिका विकल्या गेल्या, म्हणजे महिन्याला २. आता त्याच १४४ सदनिकांना ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे लागतील. काम पूर्ण करण्याची तारीख मात्र दीड वर्षावर आहे. मग त्या दीड वर्षात सिमेंट, पोलाद आणि पगार यांचे पैसे कोठून येणार? एक तर बिल्डर कर्ज काढील किंवा काम रेंगाळेल. घर घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन कायद्याने घातलेले असल्यामुळे एका प्रकल्पाचा पैसा दुसरीकडे वळवणेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

सरासरीपेक्षा शेवटच्या सहा महिन्यांचा वेग पाहावा, हा या उदाहरणाचा बोध. जाहिरातींच्या फलकांवरून हा वेग कळत नाही. किंबहुना विक्री मंदावते तेव्हाच फलक अधिक लागतात आणि 'मुद्रांक शुल्क माफ', 'मॉड्युलर किचन मोफत' अशा सवलती जाहीर होतात. भाव उघडपणे उतरण्यापूर्वी ते असे आडमार्गाने उतरत असतात.

कर्जाची बाजूही पाहणे आवश्यक आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आय.एल. अँड एफ.एस. ही मोठी वित्तसंस्था कर्जफेड करू शकली नाही आणि त्यानंतर अनेक बिगरबँक वित्तसंस्थांनी बिल्डरांना कर्ज देताना हात आखडता घेतला. घरे घेणारे लोक एका रात्रीत नाहीसे झाले नव्हते, तरीही पैशाचा ओघ आटल्यामुळे अनेक प्रकल्प रखडले. याउलट २०२० च्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर ते डिसेंबर या काळासाठी मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची आणि पुढील तीन महिन्यांसाठी २ टक्क्यांची सूट दिली, तेव्हा महामारी चालू असूनही नोंदणी कार्यालयांत गर्दी झाली. तात्पर्य, या व्यवसायाचे चक्र कर्ज, व्याज आणि कर यांच्या आसावर फिरते. रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवू लागली, तर वर्ष-दीड वर्षात त्याचा परिणाम साईटवर दिसू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

निर्यात : मालाचा गिऱ्हाईक दूरदेशी

निर्यात व्यवसायाची भरती-ओहोटी निराळ्या कारणाने होते. येथे आपल्या देशात सर्व काही सुरळीत असतानाही काम थांबू शकते, कारण गिऱ्हाईक दुसऱ्या देशात आहे.

१५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था दिवाळखोरीत गेली. ऑक्टोबरपासून भारताची निर्यात आधीच्या वर्षाच्या तुलनेत घसरू लागली आणि ही घसरण सुमारे वर्षभर चालू राहिली. केंद्र शासनाच्या लेबर ब्युरोने खाणी, कापड, धातू, हिरे-दागिने, वाहने, वाहतूक इत्यादी निवडक उद्योगांची पाहणी केली असता ऑक्टोबर ते डिसेंबर २००८ या तीन महिन्यांत सुमारे पाच लाख नोकऱ्या गेल्याचा अंदाज निघाला. टक्केवारीने सर्वांत मोठी घट हिरे-दागिन्यांच्या उद्योगात होती. तसेच कायम कामगारांपेक्षा कंत्राटी कामगारांवर आघात अधिक झाला.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या अनेक वस्तूंवरील वाढीव आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. कोळंबी, तयार कपडे, गालिचे आणि दागिने यांना त्याची झळ लागली. औषधे आणि स्मार्टफोन मात्र त्यातून वगळलेले होते. पुढे या दरांत बदल होत गेले, परंतु धडा कायम राहिला : 'निर्यात क्षेत्र' असे एकसंध काही नसते. एकाच औद्योगिक वसाहतीत शेजारी शेजारी असलेल्या दोन कारखान्यांचे नशीब, एकाचा माल अमेरिकेला जातो आणि दुसऱ्याचा आखातात, एवढ्यावरून भिन्न होऊ शकते.

म्हणून निर्यात करणाऱ्या कारखान्यात मुलाखतीला जाल तेव्हा तीन गोष्टींची चौकशी करावी. माल किती देशांत जातो? सर्वांत मोठ्या एका गिऱ्हाइकाचा वाटा किती? आणि हाती असलेल्या ऑर्डरी किती महिने पुरतील? ज्याचा निम्म्याहून अधिक माल एकच परदेशी कंपनी घेते, तो कारखाना कागदावर स्वतंत्र असला तरी त्याची चावी दुसऱ्याच्या खिशात आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापक देणार नाही. पण ओव्हरटाइम चालू आहे की बंद झाला, हे गेटवरील कामगार सहज सांगतात. मंदी येताना प्रथम ओव्हरटाइम बंद होतो, मग कंत्राटी माणसे कमी केली जातात, नंतर आठवड्यातील एक पाळी रद्द होते आणि सर्वांत शेवटी कायम कामगारांवर कुऱ्हाड येते.

ओहोटी की कोरडे पडणे?

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. प्रत्येक उतार हा चक्राचा भाग नसतो. ओहोटीनंतर भरती येते. पण वाट बदललेली नदी जुन्या पात्रात परत येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या आज ना उद्या पूर्ववत सुरू होतील या आशेवर अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे थांबली. परंतु यंत्रमागांची स्पर्धा, जुनी यंत्रे आणि जमिनीच्या वाढत्या किमती यांमुळे त्या धंद्याचा पायाच सरकत चालला होता. तेथे वाट पाहणे हेच सर्वांत महाग पडले.

हा फरक ओळखण्याची एक खूण आहे. मागील दोन-तीन तेजींच्या वेळी त्या धंद्यातील कामगारांची संख्या पूर्वीच्या उंचीला पोहोचली होती का, हे पाहावे. प्रत्येक तेजीत शिखर खाली खाली येत असेल, तर ते चक्र नसून उतरण आहे. पावसाळ्यात बांधकाम मंदावते किंवा मासेमारीबंदीत कोळंबीचे काम थांबते, तो केवळ ऋतूचा फेरा. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

कमी पगार, जास्त पगार आणि स्थिरतेची किंमत

आता एक व्यावहारिक प्रसंग घेऊ. सिव्हिलची पदविका घेतलेल्या तरुणापुढे दोन नोकऱ्या आहेत. एक बिल्डरच्या साईटवर, महिना ३२,००० रुपयांची. दुसरी इमारतींच्या दुरुस्ती-देखभालीची कामे घेणाऱ्या संस्थेत, महिना २५,००० रुपयांची. फरक ७,००० रुपयांचा. पाच वर्षांत हा फरक ४,२०,००० रुपये होतो. समजा, त्या पाच वर्षांत मंदी आली आणि साईटवरची नोकरी जाऊन तो दहा महिने घरी बसला, तर त्याचे ३,२०,००० रुपये बुडाले. तरीही तो एक लाखाने पुढेच आहे. बेकारीचा काळ तेरा महिन्यांच्या पुढे गेला, तरच देखभालीची नोकरी सरस ठरते.

म्हणजे अस्थिर नोकरी सर्वथा त्याज्य नाही. मात्र अट अशी की, तो जादा पगार अस्थिरतेची भरपाई आहे हे ओळखून ते ७,००० रुपये दरमहा बाजूला पडले पाहिजेत. दोन वर्षांत ते १,६८,००० रुपये होतात आणि महिना १८,००० रुपयांच्या घरखर्चाला नऊ महिने पुरतात. प्रत्यक्षात घडते ते उलटे. बँक ३२,००० रुपये पाहून कर्ज देते आणि हप्ताही त्याच आकड्यावर बसवला जातो. दोघे मिळवते आहेत म्हणून ३० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढले, तर हप्ता सुमारे २६,००० रुपये येतो. तेजी असेपर्यंत तो भरला जातो. नोकरी गेल्यावर बँक थांबत नाही.

याहून मोठा धोका एकाच नावेत सर्वांनी बसण्याचा आहे. पती बांधकामावर सुपरवायझर, पत्नी लाद्यांच्या शोरूममध्ये, आणि शिल्लक रक्कम भाव वाढेल म्हणून घेतलेल्या दुसऱ्या सदनिकेत. दिसायला ही तीन वेगळी साधने आहेत. प्रत्यक्षात ती एकाच दोरीला बांधलेली आहेत. बांधकामाला ओहोटी लागली की एक पगार बंद होतो, दुसरा कमी होतो आणि सदनिका विकायला गिऱ्हाईक मिळत नाही. आखातात बांधकामावर असलेल्यांची तर आणखी एक अडचण आहे. २००८-०९ मध्ये दुबईतील प्रकल्प थांबले, तेव्हा तेथे राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असल्यामुळे नोकरीबरोबर अनेकांचे वास्तव्यही संपले. अशा घरातील दुसरी मिळकत शाळा, रुग्णालय, बँक किंवा शेतीवाडी अशा निराळ्या स्वभावाच्या व्यवसायातून असावी आणि बचतीचा मोठा भाग चटकन हाती येईल अशा ठेवीत असावा.

मालकाचे दुखणे प्रथम कोठे दिसते?

शेवटी, क्षेत्र कितीही चांगले असले तरी मालक अडचणीत असू शकतो. त्याची एक साधी चाचणी प्रत्येक कामगाराच्या हाती आहे. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम मालकाने पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावयाची असते. पैशाची चणचण भासू लागली की पगार देण्याआधी हा भरणा लांबवला जातो, कारण पगार चुकला तर कामगार बोलतात, भरणा चुकला तर बहुतेकांना कळतही नाही. आपल्या पासबुकात महिन्या-महिन्याच्या नोंदी पाहाव्यात. नवीन ठिकाणी रुजू होण्यापूर्वी भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर त्या आस्थापनेचे नाव शोधून कोणत्या महिन्याचा भरणा केव्हा झाला आणि तो किती कामगारांसाठी झाला, हेही पाहता येते. कामगारांचा आकडा वर्षभर घटत असेल आणि भरण्याच्या तारखा पुढे सरकत असतील, तर मुलाखतीत दिलेली आश्वासने बाजूला ठेवून त्या दोन आकड्यांवर विश्वास ठेवावा.

हे सर्व पाहण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. नेमणूकपत्र हाती आल्यावर एक संध्याकाळ त्यासाठी काढावी, घरातील मिळवत्या माणसांनी एकत्र बसून आपापल्या मिळकती कोणत्या चक्राला बांधलेल्या आहेत ते कागदावर लिहावे, आणि कर्जाच्या अर्जावर सही त्यानंतरच करावी.